कोष बोलत नसतो

बालवर्गात एकोणीस मुलं होती. त्या दिवशी दोन आली नव्हती, म्हणजे सतरा. ताईने सकाळी हजेरी घेताना सतरा मोजली होती आणि डबा खाताना पुन्हा मोजली होती. हे तिने नंतर सगळ्यांना सांगितलं. पोटच्या पोरीची शपथ घ्यावी तसं सांगितलं, पण तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

गेले तीन आठवडे वर्ग अळीच्या नादात होता. खिडकीजवळच्या टेबलावर माशांची जुनी काचपेटी होती, त्यात मासे नव्हते. एका बाटलीत लिंबाची फांदी पाण्यात उभी केलेली होती. बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबलेला होता, म्हणजे अळी घसरून पाण्यात पडणार नाही. पेटीवर जाळीचं फडकं होतं. शेजारी मोठी वही उघडी असायची. मुलं तिला ‘अळीची डायरी’ म्हणत. रोज एका मुलाने चित्र काढायचं आणि त्याने जे सांगितलं ते ताईने चित्राखाली तसंच्या तसं लिहायचं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, असा ताईचा नेम होता.

पहिल्या पानावर एक पिवळट ठिपका होता. ‘हे अंडं आहे. टाचणीच्या डोक्याएवढं. त्याच्यात कोणीतरी राहतं.’ चौथ्या पानावर, ‘अळी आली. तिने आधी स्वतःचं घर खाल्लं.’ मग, ‘अळी कावळ्याच्या शीसारखी दिसते. मुद्दाम. म्हणजे पक्षी तिला खात नाही.’ चौदाव्या दिवशी अळी हिरवीगार झाली होती आणि एका मुलाने तिला काडीने डिवचलं, तेव्हा तिने डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली होती. वर्गभर उग्र वास सुटला होता. त्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘अळीला राग येतो.’

सगळ्यात जास्त पानं मुंगीची होती. खरं तर दर दिवशी नवं मूल, असा नियम होता. पण ज्याची पाळी असे तो कंटाळून उठे आणि मुंगी तिथे उभीच असे. वर्गातली सगळ्यात लहान चणीची ही मुलगी. सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून मदतनीस मावशींनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. बोलायची कमी. सांगितलेलं मात्र अगदी शब्दाला शब्द ऐकायची. ‘हात धुऊन ये’ म्हटलं की कोपरापर्यंत धुऊन यायची.

तिची आई शिवणकाम करायची. शनिवारी पालकांसमोर मुलं ‘अंड्यापासून फुलपाखरापर्यंत’ करून दाखवणार होती आणि त्यासाठी लागणारं सगळं कापड मुंगीच्या आईनेच कापून, शिवून दिलं होतं.

खेळ सोपा होता. आधी सगळ्यांनी गुडघे पोटाशी घेऊन अंडं व्हायचं. मग हळूच बाहेर यायचं, जमिनीवर लोळत-सरपटत पानं खायची. मोठं होताना कात टाकायची, म्हणजे अंगावरचा जुना शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा. अळी चारदा कात टाकते. पण चार शर्ट एकावर एक घालून मुलं उकडून निघाली, म्हणून ताईने दोनावर तडजोड केली होती. मग कोष. आणि शेवटी फुलपाखरू, तेही एकदम उडणारं नाही. आधी चुरगळलेले पंख सावकाश उघडायचे, वाळेपर्यंत थांबायचं, मगच उडायचं.

कोषाचा भाग सगळ्यात अवघड. ही अळी कोष करताना डोकं वर ठेवते आणि शेपटीचं टोक काडीला चिकटवते. पाठीमागून एक रेशमाचा दोर घेते आणि त्यात मागे रेलते. वायरमन खांबावर पट्टा बांधून मागे रेलतो ना, तशी. म्हणून मुलांच्या जोड्या केल्या होत्या. एकाने काडी व्हायचं, दुसऱ्याने त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. हिरवा पट्टा कोषाच्या पाठीवरून घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं काडीने घट्ट धरायची. कोषाने पट्ट्यात मागे रेलायचं आणि गप्प व्हायचं.

‘‘कोष हलत नाही,’’ ताईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ‘‘कोष बोलत नाही. कोणी कितीही हाका मारल्या, गुदगुल्या केल्या, तरी कोष बोलत नाही. मी ही घंटी वाजवली की मगच बाहेर यायचं. कळलं?’’

‘‘कळलं!’’ मुलं म्हणाली. पाच वर्षांच्या मुलांना गप्प बसवायला याहून चांगली युक्ती ताईला गेल्या सहा वर्षांत सापडली नव्हती. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी, गुरुवारी, तालीम रंगात आली होती. दारात प्लंबर उभा होता. अंगणातल्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारत होता. एका मुलाचं डोकं शर्टात अडकलं होतं आणि तो आतून भोंगा पसरत होता. दुसऱ्याला शू लागली होती. तेवढ्यात कोणीतरी ताईची ओढणी ओढली. मुंगी होती. हातात हिरवा पट्टा.

‘‘ताई, माझी काडी आली नाही.’’

तिचा जोडीदार तापाने घरी होता. सतरा मुलं, आठ जोड्या, आणि ही एक उरलेली.

‘‘अगं, मग तू तुझी काडी शोध ना,’’ ताई म्हणाली आणि शर्टात अडकलेलं डोकं सोडवायला वळली.

मग कोष झाले. वर्ग एकदम शांत झाला. ताईने मनात साठ आकडे मोजले. घंटी वाजवली. फुलपाखरं उठली, पंख वाळवले, उडाली, एकमेकांवर आदळली. ताईने सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि सवयीने बोट फिरवत मोजलं.

सोळा.

पुन्हा मोजलं. सोळा.

‘‘मुंगी कुठंय?’’

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, ‘‘उडून गेली.’’ सगळी हसली.

ताईही हसली. तोंडावर हसू होतं तोवरच तिने स्वच्छतागृह पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. शेजारच्या शिशुवर्गात डोकावली. तिथल्या बाईंनी मान हलवली. ताई व्हरांड्यात आली तेव्हा ते हसू कुठेतरी गळून पडलं होतं.

फाटक उघडं होतं. सताड नव्हे, एक मूल अंग चोरून जाईल एवढं. प्लंबरने आपली हातगाडी आत आणली होती आणि कडी लावायची राहिली होती. फाटकापलीकडे रस्ता. रस्त्यावर ट्रक.

‘‘मावशी!’’ ताई ओरडली. ‘‘मावशी, मुंगी दिसत नाहीये.’’

मावशी धुतलेल्या चादरी वाळत घालून गच्चीवरून खाली येत होत्या. हातातल्या बादल्या त्यांनी तिथेच पायरीवर ठेवल्या. ‘‘दिसत नाही म्हणजे? आता तर होती.’’

‘‘तुम्ही मुलांजवळ थांबा. कोणाला उठू देऊ नका. कोणालाही.’’

ताई रस्त्यावर धावली. डावीकडे औषधांचं दुकान, उजवीकडे वळण. दुकानदाराला विचारलं. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं. वळणापर्यंत गेली. वळणावर काही नव्हतं, आणि ते काही नसणंच भयंकर होतं, कारण पुढे तीन गल्ल्या फुटत होत्या. पाच वर्षांची मुलगी यातल्या कोणत्या गल्लीत जाईल? की कोणी नेली असेल? ती हाका मारत होती, पण आवाज आपला नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, असं तिला वाटत होतं.

ती परत आली तेव्हा मोठ्या बाई अंगणात उभ्या होत्या. शाळा त्यांचीच. साठीच्या, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. आताही त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पांढराफटक होता. त्या टाकीकडे पाहत होत्या.

टाकी जमिनीत होती. लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं होतं. प्लंबर व्हॉल्व्ह शोधायला इमारतीच्या मागे गेला होता. किती वेळ? त्यालाही सांगता येईना.

‘‘मी एवढ्यातच गेलो हो,’’ तो म्हणत होता. ‘‘पाच मिनिटं. फार तर दहा.’’

ताई टाकीच्या कडेला गुडघ्यांवर बसली. आत काळं पाणी होतं. त्यात तिला आधी आकाशाचा तुकडा दिसला, मग स्वतःचं डोकं. तिने हाक मारली. टाकीने ती हाक जाड करून परत केली.

प्लंबरने लांब पाइप आणला. आत घातला, तळाशी टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवू लागला. पाइप सिमेंटवर घासल्याचा आवाज येत होता. एकदा तो कशाला तरी अडला. प्लंबर थांबला. ताईने मोठ्या बाईंचा हात इतका घट्ट धरला की त्यांची बांगडी दोघींच्याही हातात रुतली. प्लंबरने पाइप थोडा उचलला, पुन्हा दाबला.

‘‘वीट आहे,’’ तो म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम थेंब थेंब टाकीत पडत होता. मग तो पँटसकट आत उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. पायांनी सगळा तळ चाचपडून तो वर आला. ‘‘नाही. इथं नाही. देवाशपथ नाही.’’

त्याच क्षणी फाटक वाजलं.

मुंगीची आई आत येत होती. खांद्यावर मोठी पिशवी. पिशवीतून पातळ कापडाचे पंख बाहेर डोकावत होते, पिवळे, काळ्या ठिपक्यांचे. ‘‘ताई, दोन जोड्या राहिल्यात, बाकी सगळे…’’ असं म्हणत ती पुढे आली आणि तिला उघडी टाकी दिसली. भिजलेला माणूस दिसला. गुडघ्यांवर बसलेली ताई दिसली.

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

‘‘माझी कुठंय?’’ ती म्हणाली.

‘‘टाकीत नाहीये,’’ मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. ‘‘टाकी बघितली. बसा तुम्ही जरा…’’

‘‘माझी मुलगी कुठंय?’’

पिशवी खाली पडली. ती बाई आधी टाकीपाशी गेली, वाकून पाहिलं, मग वर्गाकडे धावली, मग परत अंगणात आली. ती मुंगीला घरच्या नावाने हाका मारत होती. त्या हाका ऐकून वर्गातली मुलं एकामागून एक रडायला लागली. मोठ्या बाई फोनवर पोलिसांशी बोलत होत्या. वय पाच, हिरवा फ्रॉक, वर निळा मोठा शर्ट, नाही, शर्ट काढला असेल, मला नक्की माहीत नाही.

ताई वर्गात गेली. मुंगीचा फोटो लागणार होता आणि तो टेबलाच्या खणात होता. तिने खण ओढून उघडला. टेबलावर डायरी उघडी होती. फोटो शोधता शोधता तिची नजर पानावर पडली. एकोणिसावा दिवस. त्या दिवशी अळी पेटीत सापडली नव्हती. जाळीचं फडकं एका कोपऱ्यातून सैल झालं होतं आणि अळी निघून गेली होती. अर्धा तास सगळा वर्ग जमिनीवर पालथा होऊन शोधत होता. शेवटी मुंगीलाच दिसली. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या अंगाला, कोणी वाकून वर पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. चित्रात नुसती खिडकी होती. खाली ताईच्याच अक्षरात मुंगीचे शब्द होते.

‘अळी हरवली नाही. तिचं खाऊन झालं. ती जागा बघायला गेली. वर. कोणी बघणार नाही तिथे. तिथे ती स्वतःला बांधते.’

ताईने ते एकदा वाचलं. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, आत्ता कोणी कानात बोलल्यासारखा. अगं, मग तू तुझी काडी शोध ना.

आणि त्याच्या आधीचाही. कोणी कितीही हाका मारल्या, तरी कोष बोलत नाही.

‘‘मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘जिन्याचं फाटक. वर जाताना तुम्ही लावलं होतं?’’

जिन्याच्या पायथ्याशी लहान मुलांसाठी लाकडी फाटक होतं. ते नेहमी बंद असायचं. मावशींचं तोंड उघडं राहिलं. ‘‘दोन्ही हातांत बादल्या होत्या, ताई.’’

ताईने टेबलावरची घंटी उचलली आणि ती जिन्याकडे धावली. मागोमाग मुंगीची आई. का धावायचं ते तिला कळलं नव्हतं, पण तिने विचारलंही नाही.

वरच्या मजल्यावर गच्चीला लागून एकच लांब खोली होती. जुने बाक, मोडका घोडा, कागदाचे गठ्ठे, गुंडाळलेल्या गाद्या. वर पत्रा होता आणि खाली भट्टी तापल्यासारखं झालं होतं. ताईने हाक मारली नाही. आईने मात्र मारली. किंचाळलीच. काही उत्तर आलं नाही.

‘‘नका, हाक नका मारू,’’ ताई म्हणाली. ‘‘ती उत्तर देणार नाही. मी तिला सांगितलंय, उत्तर द्यायचं नाही.’’

आईने तिच्याकडे पाहिलं. ती नजर ताई जन्मात विसरणार नव्हती.

ताईने घंटी वाजवली.

तो एवढासा आवाज खोलीभर फिरला आणि विरला. दोघी श्वास रोखून उभ्या. काही नाही. ताईने पुन्हा वाजवली. पुन्हा काही नाही. गादीत गुंडाळली असेल का ती? श्वास कोंडला असेल? ताई गाद्यांकडे धावणार, एवढ्यात भिंतीतून आवाज आला. पत्र्यावर पाय घासल्यासारखा. एकदाच.

भिंतीत झाडूंचं अरुंद कपाट होतं. त्याच्या दाराला बाहेरून पडणारी कडी होती, दार लोटलं की आपोआप अडकणारी. कडी अडकलेली होती.

आईने दार उपटलं म्हणा, इतक्या जोरात उघडलं.

मुंगी भिंतीकडे तोंड करून होती. आतल्या भिंतीला झाडू अडकवायचा हूक होता. त्यात तिने हिरव्या पट्ट्याची दोन्ही टोकं गाठ मारून अडकवली होती आणि पट्टा पाठीमागून घेतला होता, अगदी शिकवल्यासारखा. हुकापर्यंत हात पोचावा म्हणून ती पत्र्याच्या उपड्या डब्यावर चढली होती. मागे रेलल्यावर डबा पायाखालून सरकला होता. आता पट्टा तिच्या काखांखाली काचला होता, छाती भिंतीवर दाबली गेली होती आणि पायाचे अंगठे तेवढे डब्याच्या कडेला लागत होते. ती घामाने निथळत होती. ओठ निळसर पडले होते. डोळे उघडे होते.

आईने तिला खालून उचलून धरलं आणि ताईने गाठ सोडायला घेतली. गाठ घामाने आवळली होती. सुटेना. ताईने दातांनी ओढली. शेवटी आईनेच एका हाताने कमरेच्या बटव्यातून छोटी कात्री काढून दिली. तिनेच शिवलेला पट्टा ताईने कापला. मुंगी आईच्या अंगावर कोसळली. तिने एक मोठा, घरघरता श्वास घेतला, मग दुसरा. आणि मग रडायला लागली.

त्या दोघी तिथेच जमिनीवर बसून राहिल्या. रडण्याचा आवाज ऐकून कुणाला इतका आनंद झाल्याचं ताईने कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःला मात्र आनंद झाला नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि मोजत होती, उगाचच, मुंगीचे श्वास.

डॉक्टरांनी मुंगीला दुपारपर्यंत ठेवून घेतलं. काखांखाली आणि पाठीवर लाल-जांभळा वळ, बाकी ठीक. ‘‘अजून थोडा वेळ गेला असता, तर…’’ डॉक्टर म्हणाले आणि आईचा चेहरा पाहून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

दवाखान्याच्या बाकावर मोठ्या बाई, ताई आणि मुंगीची आई बसल्या होत्या. मोठ्या बाई फाटकाबद्दल बोलत होत्या, टाकीच्या झाकणाबद्दल, कपाटाच्या कडीबद्दल. आजच सुतार बोलावते, म्हणाल्या. ताईला कळत होतं की असंच चालू दिलं तर सगळं फाटकावर आणि कडीवर निभावून जाईल. तिने मध्येच तोंड उघडलं.

‘‘मी तिला म्हटलं, तुझी काडी तूच शोध. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही म्हणताना. आणि कोष बोलत नाही, हेही मीच शिकवलं. मुलं गप्प बसावीत म्हणून.’’

मुंगीच्या आईच्या मांडीवर कापलेला हिरवा पट्टा होता, तो ती बोटांना गुंडाळत होती, सोडत होती.

‘‘सोमवारी मी तिच्याबरोबर येणार,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘वर्गात बसणार. माझं काम घेऊन. चालेल का, असं विचारत नाहीये मी.’’

‘‘या,’’ ताई म्हणाली.

शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला. वरच्या खोलीला कुलूप लागलं. त्याच गुरुवारी दुपारी सुताराने कपाटाची कडी उखडून काढली. ताईने राजीनामा लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाईंनी तो वाचला. ‘‘सोमवारी वर्ग कोण घेणार? मी? माझे गुडघे जमिनीला लागत नाहीत. जा, आधी घरी जाऊन जेव,’’ म्हणाल्या.

सोमवारी मुंगीची आई खरंच आली. व्हरांड्यात, उघड्या दाराशी, खुर्ची टाकून बसली. मांडीवर कुणाच्या तरी परकराची पट्टी. सुई चालत होती, पण नजर वर्गात होती. मुंगी आईच्या खुर्चीचा पाय धरून बसली, ती वर्गात आलीच नाही. ताईने बोलावलं नाही. ती दर पाच मिनिटांनी मुलं मोजत होती. एकोणीस, त्यातली एक दाराशी. पुन्हा एकोणीस.

मग तिने सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि ती त्यांच्यासमोर खाली बसली.

‘‘मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं होतं,’’ ती म्हणाली. मुलांनी डोळे मोठे केले. ताई चुकते, हे त्यांना नवीन होतं. ‘‘अळीचा कोष बोलत नाही, ते खरं आहे. पण तुम्ही अळी नाही, तुम्ही मुलं आहात. अळी-अळी खेळताना भीती वाटली, दुखलं, अडकलं, श्वास कोंडला, की ओरडायचं. जोरात. ताईने गप्प बस म्हटलं असेल तरी. मोठ्या बाईंनी म्हटलं असेल तरी. कोणीही म्हटलं असेल तरी. चला, अंडं व्हा. आणि अंड्यातून ओरडा.’’

मुलांनी गुडघे पोटाशी घेतले आणि ओरडली. काय ओरडली! शिशुवर्गाच्या बाई धावत आल्या. अळ्या ओरडल्या, कात टाकता टाकता ओरडल्या, कोष ओरडले. मावशींनी कानांत बोटं घातली. मुंगी मात्र ओरडली नाही. ती आईच्या साडीत तोंड खुपसून होती.

मंगळवारीही तसंच. बुधवारी ती आत आली, पण मागच्या भिंतीशी बसली. ताई तिच्याजवळ जाऊन बसली, थोडं अंतर राखून.

‘‘आत भीती वाटली होती?’’ तिने विचारलं.

मुंगीने मान डोलावली. मग म्हणाली, ‘‘डबा सरकला तेव्हा. मी घंटीची वाट बघत होते. मग वाजली, पण मला येता येईना.’’

‘‘मला माहीत आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘माझं चुकलं, बाळा.’’

मुंगीने यावर थोडा विचार केला. ‘‘आई पण खूप घाबरली,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हीपण?’’

‘‘अजून घाबरते. रोज.’’

गुरुवारी मुंगीच्या आईला एक मोठं काम कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन, गिऱ्हाइकाच्या अंगावर बसवून द्यायचं होतं. ‘‘मी अर्ध्या तासात येते,’’ ती म्हणाली आणि फाटकापर्यंत तीनदा मागे वळून पाहत गेली. तिने फाटक लावलं, कडी घातली, ओढून पाहिली. ताई तिला खिडकीतून पाहत होती. आज पहिल्यांदाच मुंगी आईशिवाय वर्गात होती.

मुलं आपणहून ओरडण्याचा खेळ मागत होती. आता तो त्यांचा आवडता झाला होता. ताईने सगळ्यांना कोष करायला सांगितलं. जोड्या नाहीत, पट्टे नाहीत, नुसतं भिंतीला पाठ टेकून. मुंगीही उभी राहिली. ताईने तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मुलं ओरडली. ओरडून दमली. थांबली. आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, एकच आवाज आला. एवढ्याशा पोरीच्या छातीत तो मावत कसा होता, कोण जाणे. काचपेटी झिणझिणली. मुंगी डोळे मिटून, मुठी आवळून ओरडत होती. श्वास संपला, तिने दुसरा घेतला आणि पुन्हा ओरडली.

बाहेर फाटक आपटलं. तिची आई रस्त्यावरून धावत आली होती. एक चप्पल मागेच राहिली होती, ओठांत दोन टाचण्या तशाच धरलेल्या. ती दारात येऊन थडकली. रंग उडालेला.

‘‘काय झालं? काय झालं?’’ टाचण्यांतून शब्द नीट येईनात.

‘‘काही नाही,’’ मुंगी म्हणाली. ‘‘मी ओरडत होते.’’

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या, हातात धरल्या आणि ती उंबऱ्यावरच बसली. छाती वरखाली होत होती. ताईही तिच्या शेजारी खाली बसली.

‘‘कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू आलं मला,’’ आई म्हणाली.

‘‘तिथपर्यंत?’’

‘‘तिथपर्यंत.’’ तिने पदराने तोंड पुसलं. मग वर्गातल्या मुलीकडे पाहून म्हणाली, ‘‘जा, खेळ. मी चप्पल घेऊन येते.’’